सपाट बाजूला चढवलेला पारा

गेल्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेचा भौतिकशास्त्राचा पेपर मी काढला होता. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली काही कनिष्ठ महाविद्यालयं मिळून एकच पेपर घेतात आणि तो कोणी काढायचा हे दरवर्षी बैठकीत ठरतं. त्या बैठकीत सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत होते. मी एकटीच वर बघत होते, म्हणून काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. माझी ख्याती अशी होती की, माझ्या पेपरात चूक नसते. ही ख्याती पसरवण्यात माझा स्वतःचाही हात होता.

एकोणिसावा प्रश्न तीन गुणांचा होता. एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं फुगीर असलेलं भिंग घेतलं आहे. फुगीर बाजूची वक्रता त्रिज्या वीस सेंटिमीटर, काचेचा अपवर्तनांक दीड. सपाट बाजूला चांदीचा मुलामा दिला आहे. फुगीर बाजूसमोर तीस सेंटिमीटरवर वस्तू ठेवली, तर प्रतिमा कुठे आणि कशी मिळेल? असा प्रश्न बोर्डाच्या पुस्तकात सहसा नसतो, पण सीईटीला बसणाऱ्या मुलांना सवय व्हावी म्हणून मी घातला. आकडेही मनानं घेतले नव्हते. आमच्या साताऱ्याच्या प्रयोगशाळेत तशी, पण मुलामा नसलेली, दोन भिंगं होती. त्यांची त्रिज्या मी स्वतः मोजली होती.

नमुना उत्तरपत्रिकेत मी लिहिलं की, भिंगाचं नाभीय अंतर चाळीस सेंटिमीटर येतं, मागचा आरसा सपाट असल्यामुळे तो त्यात काही भर घालत नाही, म्हणून सगळं मिळून नाभीय अंतर चाळीसच. वस्तू तीसवर, म्हणजे नाभीच्या आत. म्हणून प्रतिमा आरशामागे एकशेवीस सेंटिमीटरवर, आभासी, सुलटी आणि चौपट मोठी. खाली दोन रेघा ओढल्या. उत्तर दिसायला फार सुंदर होतं.

आमच्या वर्गात बहुतेकांनी तो प्रश्न सोडून दिला होता. कोरेगावहून रोज एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं तो सोडवला होता. तिचं उत्तर होतं, प्रतिमा आरशासमोर साठ सेंटिमीटरवर, खरी, उलटी, दुप्पट. किरणांची आकृतीही काढली होती, काचेत जाणारे किरण आणि परत बाहेर येणारे किरण, दोन्हीकडे बाण दाखवून. मी तिला शून्य दिलं. नुसतं शून्य दिलं असतं तरी चाललं असतं. मी खाली लाल शाईत लिहिलं, ‘आरसा आणि भिंग यांतला फरक आधी समजून घ्या.’

पेपर वाटून चार दिवस झाले आणि सांगलीहून फोन आला. तिथल्या एका महाविद्यालयातले सर होते. निवृत्तीला एक वर्ष राहिलेले, बैठकीत कधी आवाज न चढवणारे.

“मॅडम, एकोणिसावा प्रश्न,” ते म्हणाले. “तुमचं एकशेवीस आलंय.”

“हो.”

“माझं साठ येतंय.”

“अच्छा.”

“आणि बाजूही वेगळी येतेय. तुमची प्रतिमा मागं आहे, माझी पुढं.”

मी म्हटलं, “सर, आरसा सपाट आहे. तो किरण एकत्र आणत नाही. काम भिंगच करतं.”

“बरोबर. पण ते दोनदा करतं ना? प्रकाश जाताना एकदा काचेतून जातो, मागच्या चांदीवर आपटून येताना पुन्हा एकदा. भिंगाची ताकद दोनदा धरायला पाहिजे. म्हणजे चाळीसचं निम्मं, वीस.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की, मला राग आला. मी म्हटलं, “मी तपासून कळवते.” तपासायचं म्हणजे मी बरोबर आहे हे कसं सांगायचं ते ठरवायचं, असा माझा त्या वेळचा अर्थ होता.

आमच्या प्रयोगशाळेत एक मामा आहेत. मूळचे म्हसवडचे. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली. हे बारावी करून प्रयोगशाळेत लागले आणि मुलांना टाचण्या, भिंगं, तारा काढून देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी दुपारी भिंगांची पेटी मागितली तेव्हा त्यांनी विचारलं, “काय झालं, मॅडम?”

मी सांगितलं.

“मग करून बगू की. त्यात काय हाय? भिंग सपाट आरशावर ठिवायचं. चांदी काय आन् आरसा काय.”

मामांनी टेबलावर सपाट आरशाची पट्टी ठेवली, तिच्यावर भिंग फुगीर बाजू वर करून ठेवलं आणि वर स्टँडला आडवी टाचणी लावली. वरून बघितलं की टाचणी दिसते आणि तिची उलटी प्रतिमाही दिसते. टाचणी वर-खाली करत राहायचं. दोन्हींची टोकं एकमेकांना भिडली आणि डोकं इकडं-तिकडं हलवलं तरी सुटली नाहीत, की समजायचं, प्रतिमा टाचणीच्याच जागेवर आली. हा प्रयोग आम्ही दर वर्षी करतो. मामांनी फूटपट्टी लावली.

“साडेएकोणचाळीस.”

“म्हणजे चाळीसच!” मी म्हटलं. “बघितलंत? भिंगाचं चाळीस, आरशासकट चाळीस. मी काय म्हणत होते?”

मामा पुन्हा वाकले. टाचणीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, पन ही तर टाचणी आपल्या जागी परत आलीया. वस्तू जिथं, प्रतिमा तिथं. आरशात असं कवा होतं?”

मी म्हटलं, “मामा, पेटी ठेवून द्या.”

संध्याकाळी मी सांगलीला फोन केला आणि साडेएकोणचाळीसचा आकडा सांगितला. माझ्या आवाजात थोडा विजय असावा. सरांनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. कदाचित मला कसं सांगावं याचा विचार करत असावेत.

“मॅडम, अंतर्वक्र आरशात वस्तू स्वतःवरच परत येते ती नाभीवर नाही. वक्रतेच्या केंद्रावर. नाभीच्या दुप्पट अंतरावर. तुम्ही चाळीस मोजलंत, म्हणजे नाभीय अंतर वीस झालं.”

“पण या प्रयोगात आपण भिंगाचं नाभीय अंतर मोजतो. तेच चाळीस येतं.”

“भिंगाचं चाळीस. आरशासकट सगळ्याचं वीस. दोन्ही खरं आहे.”

मला ते पटलं. म्हणजे डोक्याला पटलं. तोंडानं मात्र मी म्हटलं, “सर, हे भिंग आरशावर नुसतं ठेवलेलं होतं. मध्ये हवेची फट राहते. प्रश्नात मुलामा दिलेलं भिंग आहे. तसं भिंग प्रत्यक्ष असल्याशिवाय मी उत्तर बदलणार नाही.”

एवढी मूर्ख अट मी आयुष्यात दुसरी कुठली घातल्याचं आठवत नाही. ती हवेची फट केसाएवढीही नव्हती. पण सांगलीचे सर हसले नाहीत. म्हणाले, “मग रविवारी सांगलीला या. आमच्याकडं आरशाला पारा चढवणारे एक काका आहेत. अजून हातानं करतात.”

रविवारी मी दोन्ही भिंगं रुमालात गुंडाळून सकाळच्या एसटीत बसले. कराडपर्यंत खिडकी मिळाली नाही. मांडीवर पर्स, पर्समध्ये भिंगं आणि डोक्यात एकशेवीस. घरी मी सांगितलं होतं की कामासाठी जाते. काम काय आहे, हे सांगितलं नव्हतं.

सर स्टँडवर न्यायला आले होते. काकांचं दुकान गल्लीत आत होतं. पुढं देव्हाऱ्याचे आणि कपाटाचे आरसे टेकवून ठेवलेले, मागं सिमेंटचा ओटा, त्यावर बाटल्या. काका सत्तरीचे असावेत. आता पारा कोणी वापरत नाही, चांदीच्या द्रावणानं काम होतं, पण बोलताना सगळे पाराच म्हणतात. काकांनी भिंग हातात घेतलं, फिरवून बघितलं, अंगठ्यानं फुगा चाचपला.

“कुठल्या अंगाला चढवायचा?” त्यांनी विचारलं.

“सपाट,” मी म्हटलं.

“नीट सांगा हां. अंग बदललं की आरसा बदलतो. मागं एकानं अशीच एक चकती आणून दिली, उलटा चढवून घेतला आणि मग माझ्याशीच भांडायला आला.”

सर म्हणाले, “सपाटच, काका.”

काकांनी काच साबणानं धुतली, मग आणखी कशानं तरी पुसली, पुन्हा शुद्ध पाण्यानं धुतली. कडेनं मेणाची मेर घातली, म्हणजे द्रावण सपाट बाजूवर तळ्यासारखं थांबेल. मग दोन बाटल्यांतलं पाणी एकत्र करून वर ओतलं. एका बाटलीत चांदी, दुसऱ्यात साखरेसारखं काहीतरी. आधी ते तपकिरी झालं, मळकं झालं. मला वाटलं, बिघडलं. काकांनी भिंग हळूहळू हलवत ठेवलं आणि काही मिनिटांत तळाला आकाशासारखं चमकायला लागलं. खालून फुगीर बाजू पाहिली तर भिंगातून माझाच डोळा मोठा होऊन माझ्याकडं बघत होता.

“आता मागं रंग देतो. वाळू दे तासभर,” काका म्हणाले.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. सरांनी चहा मागवला. मी विचारलं, “सर, तुम्ही ही चूक कधी केली होती का?”

“हीच केली होती,” ते म्हणाले. “मुलाखतीत. नोकरी मिळाली नाही. दुसरीकडं मिळाली.”

 मी चहा प्यायले.

आत गेलो तर काकांनी दोन भिंगं पुढं ठेवली. एकाच्या सपाट बाजूला लाल रंग, दुसऱ्याच्या फुगीर बाजूला लाल रंग.

“दुसरं कशाला केलंत?” मी विचारलं.

“द्रावण उरलं होतं,” काका म्हणाले. “म्हटलं बशीत फुगा बुडवून बगू. तुमी मास्तर लोकं हाय, दोनी बाजू बगून घ्या की. घासलं तर निघंल.”

सरांच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा त्यांनी रविवारची उघडून घेतली होती. पडदे ओढले. सपाट बाजूला मुलामा दिलेलं भिंग होल्डरमध्ये उभं केलं, फुगा आमच्याकडं. त्याच्यापुढं तीस सेंटिमीटरवर मेणबत्ती पेटवली. सरांनी माझ्या हातात पांढरा पुठ्ठा दिला. “तुम्हीच शोधा.”

मला एकच भीती होती. माझ्या उत्तराप्रमाणे या पुठ्ठ्यावर काहीही दिसायला नको होतं, कारण आभासी प्रतिमा पडद्यावर पडत नाही. ती आरशामागं एकशेवीस सेंटिमीटरवर असायला हवी होती. तिथं सरांचं लोखंडी कपाट होतं.

भिंग जरासं तिरकं केलं, म्हणजे परतलेला प्रकाश मेणबत्तीवरच आदळू नये. मी पुठ्ठा घेऊन मेणबत्तीच्या बाजूनं मागं सरकत गेले. पुठ्ठ्यावर आधी नुसता पिवळा डाग होता. तो आवळत गेला. मग एकदम ज्योत दिसली. खाली टोक असलेली, हलणारी, स्पष्ट ज्योत. मी पुठ्ठा तसाच धरून उभी राहिले. सरांनी भिंगापासून फीत लावली.

“अठ्ठावन्न.”

“साठ नाही,” मी म्हटलं.

सर माझ्याकडं बघत राहिले. मलाच लाज वाटली. खरी काच दीडच्या केसभर वर होती, माझं मोजमाप साडेएकोणचाळीसचं होतं, त्यावरून हिशेब केला तर अठ्ठावन्नच यायला हवं होतं. मी पट्टीनं ज्योतीची उंची मोजली. मेणबत्तीच्या ज्योतीच्या जवळजवळ दुप्पट. उलटी. समोर. खरी.

“आता हेही बघा,” सर म्हणाले आणि त्यांनी काकांचं दुसरं भिंग उभं केलं. इथं सपाट बाजू आमच्याकडं आणि मागचा फुगा आरसा झालेला. आता भिंग दोनदा तर होतंच, शिवाय मागचा आरसाही वाकडा, तोही किरण आवळणारा. मी मनात हिशेब केला. वीसच्या जागी सहा-साडेसहा. मेणबत्ती तीसवरच ठेवून सरांनी कागदाची अरुंद पट्टी भिंगासमोर धरली. साडेआठ सेंटिमीटरवर तिच्यावर इवलीशी उलटी ज्योत आली, वाटाण्याएवढीही नाही. तीच काच, तेच अंतर, फक्त पाऱ्याची बाजू बदललेली.

“काका बरोबर बोलले,” मी म्हटलं.

“काकांना कधी कुणी मुलाखतीला बोलावलं नाही,” सर म्हणाले आणि त्यांनी मेणबत्ती विझवली.

परत येताना एसटीत खिडकी मिळाली. बाहेर उसाचे ट्रॅक्टर होते. मला त्या कोरेगावच्या मुलीची आकृती आठवत होती. तिनं बाण दोन्हीकडं काढले होते. म्हणजे तिला प्रकाश परत येतो हे माहीत होतं. मला एकोणीस वर्षं शिकवूनही ते उत्तरपत्रिका लिहिताना माहीत नव्हतं. माहीत होतं, पण सूत्र लिहिताना भिंग एकदाच मोजलं. हे दोन वेगळे प्रकार आहेत असं मी स्वतःला कराडपर्यंत समजावत होते. कराडनंतर सोडून दिलं.

सोमवारी प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, “सगळ्या कॉलेजांना पत्र पाठवावं लागेल.” मी पत्र घेऊनच गेले होते. पत्रात लिहिलं होतं की, एकोणिसाव्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं गेलं, नाभीय अंतर वीस, प्रतिमा समोर साठवर, आणि ज्यांनी तसं लिहिलं त्यांना पूर्ण गुण द्यावेत. ‘दिलं गेलं’ हे वाचून प्राचार्य म्हणाले, “कोणी दिलं गेलं?” मी तिथंच बसून ‘माझ्याकडून’ असा शब्द घातला.

त्या मुलीला मी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बोलावलं. ती पेपर घेऊन आली. घाबरलेली होती. मी सांगितलं, “तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं.”

ती खूश होईल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, “मॅडम, पण मी तुमचं फळ्यावरचं उत्तर पाठ केलंय.”

“का?”

“तुम्ही लिहिलं होतं ना, फरक समजून घ्या म्हणून. मी रविवारभर समजून घेतला. समजत नव्हता. मग पाठ केला.”

मी सांगलीत पुठ्ठा धरून उभी होते त्याच रविवारी ती कोरेगावात बसून माझी चूक पाठ करत होती.  मी शून्य खोडून तीन केले, शेरा खोडला आणि खाली लिहिलं, ‘उत्तर योग्य. चूक तपासणाऱ्याची.’ सही केली.

“आईनं तो शेरा वाचलाय,” ती म्हणाली.

“मग हाही दाखव.”

तिनं पेपर बघितला. मग विचारलं, “मॅडम, आता मी कुठलं लक्षात ठेवू?”

“कुठलंच नको,” मी म्हटलं आणि मामांना हाक मारली.

मामांनी दोन्ही भिंगं आणि मेणबत्ती आणली. मी नुसती बाजूला उभी राहिले. मामांनी तिच्या हातात पुठ्ठा दिला, “जरा तिरकं धर, पोरी. व्हय, आता मागं जा. हळू.” पुठ्ठ्यावर ज्योत उलटी आली तेव्हा ती म्हणाली, “आली!” आणि मग तिनं जे केलं ते मी सांगलीत केलं नव्हतं. तिनं मेणबत्ती उचलून भिंगाच्या जवळ आणली, पंधरावर, आणि पुठ्ठ्यावरची ज्योत गेली. तिनं भिंगात डोकावून बघितलं. “आता सुलटी दिसतेय. मोठी. मागं गेलीय.” मग मेणबत्ती परत तीसवर नेली. “आता पुन्हा पुठ्ठ्यावर. म्हणजे वीसच्या आत गेली की मागं जाते, वीसच्या बाहेर असली की पुढं.”

“तुमी हेच लिवलं व्हतं ना, मॅडम? मागं, सुलटी?” मामांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “फक्त वीसच्या जागी चाळीस धरून.”

मधली सुट्टी संपली तरी ती गेली नाही. नंतर तिच्या दोन मैत्रिणी आल्या, मग आणखी काही जण. फुग्याला पारा लावलेल्या भिंगापुढं एकेक जण तोंड नेऊन बघत होता. हातभर लांबून स्वतःचं तोंड उलटं आणि अंगठ्याच्या पेराएवढं दिसलं की हसत होता. पुढच्या तासाची घंटा कुणी ऐकली नाही. तो तास माझाच होता, त्यामुळे तक्रार करायला कोणी नव्हतं.

यंदाच्या बैठकीत पेपर कोणी काढायचा हा प्रश्न आला तेव्हा सगळे पुन्हा आपापल्या कपात बघायला लागले. मीही बघितलं. तेवढ्यात सांगलीचे सर म्हणाले, “मॅडमच काढू देत. त्या आता नीट तपासतात.” त्यांची ही शेवटची बैठक होती. मी हो म्हटलं. पेपर तयार झाल्यावर मी तो छपाईला देण्याआधी पाकिटात घालून सांगलीला पाठवला. आठवड्यानं परत आला. सरांनी दोन ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली होती. एका ठिकाणी एकक राहिलं होतं. दुसऱ्या ठिकाणी मी बरोबर होते, त्यांनाच शंका आली होती. मी फोन करून समजावून सांगितलं. त्यांना पटायला पंधरा मिनिटं लागली.